हसतां हसतां

मराठी मासिकांतील जुन्या गोष्टी वाचण्याची ज्यांना संवय आहे, त्यांना एक वाक्य चांगलें ओळखीचें असेल. गोष्ट अर्धी झालेली असते. नायक-नायिकेची थट्टामस्करी, सासूबाईंचें सोंवळें, भावजयीचे टोमणे, धाकट्या दिराचा वात्रटपणा हें सारें यथास्थित चाललेलें असतें. वाचणाराहि सुपारी चघळीत मजेंत वाचीत असतो. आणि मग एका नव्या परिच्छेदाच्या आरंभीं तें वाक्य येतें : "पण दैवाच्या मनांत कांहीं निराळेंच होतें !" त्यानंतर तार येते, विषमज्वर येतो, किंवा नदीला पूर येतो; आणि जीं माणसें दोन पानांपूर्वीं आपल्याला हसवीत होतीं तींच लांबलचक स्वगतें बोलूं लागतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र पाणी येत नाहीं. तो एकदां मागचें पान उलटून पाहतो आणि मधलें एखादें पान गळालें तर नाहीं ना, याची खात्री करून घेतो.

आतां, खऱ्या संसारांतहि असें होतेंच कीं ! हसत्या-खेळत्या घरावर घटकेंत आकाश कोसळतें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. मग गोष्टींत तसें झालें तर तें खोटें कां वाटावें ? याचें कारण असें कीं, संसारांतील अपघाताचा कर्ता कोण हें आपल्याला ठाऊक नसतें. गोष्टींतील अपघाताचा कर्ता मात्र मुखपृष्ठावर नांव छापून समोर बसलेला असतो. लेखकानें आपल्याला इतका वेळ हसविलें तें कशासाठीं, असा प्रश्न वाचकाच्या मनांत उभा राहतो, आणि त्याचें उत्तर गोष्टींत मिळालें नाहीं तर आपण फसविले गेलों असें त्याला वाटतें.

आमच्या घरीं रात्रीं जेवणें आटोपलीं कीं, कोणीतरी कांहींतरी मोठ्यानें वाचून दाखवावें असा जुना प्रघात आहे. मध्यंतरीं माझा पुतण्या मधू यानें आपली स्वतःची गोष्ट वाचली. ती मुंबईंत ट्राम चालत असे त्या काळची, म्हणजे १९६४ च्या पूर्वींची होती. बापूराव नांवाचा एक विसराळू कारकून तिचा नायक होता. तो छत्री ट्राममध्यें विसरतो, बायकोचें लुगडें दुकानांतच ठेवून येतो, पाहुण्यांना जेवायला बोलावितो आणि स्वतःच बाहेर जेवून येतो. आम्ही पोट धरधरून हसलों. पुढें बापूरावाचा मुलगा विषमज्वरानें आजारी पडतो आणि तीन परिच्छेदांत मरतो. वाचन संपलें तेव्हां सगळे गप्प होते. पण ती शांतता दुःखाची नव्हती, संकोचाची होती. शेवटीं आमच्या वहिनी म्हणाल्या, "मधू, ही एक गोष्ट कीं दोन ?"

वहिनींनीं नेमकें दुखणें सांगितलें होतें. मुलाच्या मरणाशीं बापूरावाच्या विसराळूपणाचा कांहीं संबंध नव्हता. पहिला अर्धा भाग फाडून टाकला असता तरी दुसऱ्याचें कांहीं अडलें नसतें. दोन भागांचा सांधा खोटा आहे कीं खरा, हें ओळखण्याची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाहीं. हास्याचा भाग काढून घेतल्यावर पुढील दुःख थोडेंहि हलकें होत नसेल, तर तें हास्य केवळ वेळ घालविण्यासाठीं होतें असें समजावें.

कॉलेजांत मीं पुष्कळ वर्षें शेक्सपिअर शिकविला. या एका बाबतींत 'मच् अडू अबाउट नथिंग' या त्याच्या नाटकाइतका चांगला गुरु मला दुसरा भेटला नाहीं. हें नाटक १६०० सालीं छापलें गेलें. सिसिली बेटावरील मेसीना शहरांत त्याची कथा घडते. बीट्रिस आणि बेनेडिक हीं दोघें एकमेकांना शब्दांनीं ओरबाडीत असतात, आणि त्यांचें परस्परांवर प्रेम बसावें म्हणून मित्रमंडळी एक गोड कारस्थान रचते. बेनेडिकला ऐकूं जाईल अशा बेतानें सगळे बोलतात कीं, बीट्रिस त्याच्यासाठीं झुरते आहे. आणि बीट्रिसला ऐकूं जाईल असें बोलतात कीं, तो तिच्यासाठीं झुरतो आहे. दोघेंहि लपून ऐकतात आणि दोघेंहि फसतात. याच सुमारास बीट्रिसची चुलतबहीण हीरो हिचें लग्न क्लॉडिओ नांवाच्या तरुण सरदाराशीं ठरलेलें असतें. पुढें हा क्लॉडिओ भर देवळांत, ऐन लग्नाच्या वेळीं, ती शुद्ध नाहीं असा आरोप करून तिला झिडकारतो. थट्टेच्या घरांत इतका भयंकर प्रसंग येतो, तरी प्रेक्षकाला पान गळल्यासारखें वाटत नाहीं. असें कां होतें, हें सावकाश पाहण्यासारखें आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, या नाटकांतील विनोद आणि यांतील संकट एकाच मुळापासून फुटलेले आहेत. विनोदाचें मूळ काय, तर माणूस चोरून पाहिलेल्या व ऐकलेल्या गोष्टीवर सहज विश्वास ठेवतो. बेनेडिक झाडींत लपून ऐकतो आणि खरें मानतो, म्हणून आपण हसतों. मग डॉन जॉन हा दुष्ट मनुष्य क्लॉडिओला रात्रीच्या अंधारांत हीरोच्या खिडकीपाशीं उभा करतो. खिडकींत असते मार्गारेट नांवाची दासी. क्लॉडिओ तिला हीरो समजतो, दुरून पाहतो, आणि खरें मानतो. युक्ति तीच आहे. फक्त ती प्रेम जुळविण्याऐवजीं मोडण्यासाठीं वापरली आहे. ज्या दुबळेपणाला आपण मघांशीं टाळ्या दिल्या, त्यानेंच आतां एका मुलीचा गळा धरलेला असतो. लेखकाला नवें दैव आणावें लागत नाहीं. जें घरांत होतें तेंच तो पुन्हा बाहेर काढतो.

दुसरी गोष्ट, तो प्रेक्षकाला आधीं सांगून ठेवतो. हा बेत आपल्यासमक्षच ठरतो. बेनेडिकनें दाढी केली म्हणून मित्र त्याची टिंगल करतात, आणि त्याच प्रवेशाच्या शेवटीं डॉन जॉन येऊन क्लॉडिओच्या कानांत विष ओततो. म्हणजे दाढीची थट्टा आणि विष यांच्यामध्यें पडदासुद्धां पडत नाहीं. यानंतर आपण हसतों तें पहिल्यासारखें निर्धास्त हसत नाहीं. लग्नाच्या सकाळीं हीरो नटत असते, दासी तिची चेष्टा करीत असते, आणि ती सहज म्हणते कीं, आज माझें मन कशानें तरी जड झालें आहे. मार्गारेट त्यावरहि विनोद करते आणि तो विषय तेथेंच संपतो. सावली एवढीच पडते. ती याहून लांब असती तर आपण रडण्याची तयारी करून बसलों असतों, आणि रडण्याची तयारी करून बसलेला माणूस सहसा रडत नाहीं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. डॉगबेरी हा गांवचा पोलीस-अंमलदार या नाटकाचा विदूषक आहे. मोठे शब्द वापरावे आणि ते उलट्या अर्थानें वापरावे, अशी त्याची खोड. त्याच्या बावळट पहारेकऱ्यांनीं मात्र रात्रीं डॉन जॉनच्या हस्तकाला, बोराचिओला, स्वतःच्या कृत्याची बढाई मारतांना ऐकून पकडलेलें असतें. म्हणजे लग्नापूर्वींच सत्य तुरुंगांत येऊन बसलेलें असतें. सकाळीं डॉगबेरी आणि त्याचा म्हातारा सोबती व्हर्जेस हीरोच्या बापाकडे, लिओनाटोकडे, हीच वर्दी देण्यासाठीं येतात. लिओनाटो घाईंत आहे. दारांत वऱ्हाड उभें आहे. आणि डॉगबेरी मुद्द्यावर येईल तर शपथ ! तो व्हर्जेसच्या म्हातारपणावर बोलतो, देवावर बोलतो, स्वतःच्या थोरवीवर बोलतो. लिओनाटो वैतागून म्हणतो कीं, तुम्ही फार कंटाळा आणतां. डॉगबेरीला ती स्तुति वाटते. शेवटीं तो एकदांचा सांगतो कीं, दोन माणसें पकडलीं आहेत, त्यांची जबानी आपल्यासमोर व्हावी. लिओनाटो म्हणतो, "तुम्हींच घ्या," आणि मुलीच्या लग्नाला निघून जातो.

हा प्रवेश रंगभूमीवर फार हशा पिकवितो. पण त्या हशाच्या पोटांत काय चाललें आहे पाहा. डॉगबेरीनें दोन वाक्यें सरळ उच्चारलीं असतीं, किंवा बापानें आणखी दोन पळें दम धरला असता, तर पुढील अनर्थ घडलाच नसता. येथें विनोद हा संकटाच्या आधीं येणारा भाग नाहीं. विनोद हेंच संकटाचें कारण आहे. आपण हसत असतों आणि हसतां हसतांच मनांत ओरडत असतों, "अरे, बोल कीं लवकर !" ज्या क्षणीं वाचक एकाच गोष्टीला हसतो आणि तिलाच भितो, त्या क्षणीं वळण घेऊन झालेलें असतें. पुढें लेखकाला नुसतें चालत राहावयाचें असतें.

मग देऊळ. येथेंहि शेक्सपिअर ढोल वाजवीत नाहीं. लिओनाटो पुरोहिताला विधि आटोपता घेण्यास सांगतो. "तूं या कुमारिकेशीं विवाह करण्यास आला आहेस ना ?" असें पुरोहित विचारतो, आणि क्लॉडिओ म्हणतो, "नाहीं." लिओनाटोला ती शब्दांची कोटी वाटते, तो हसून दुरुस्ती करतो कीं, विवाह लावावयाला आपण आलां आहां, करावयाला ते आले आहेत. थोड्या वेळानें बेनेडिकहि एक कोटी करतो. म्हणजे संकट सुरू झालें तरी रंगमंचावरील माणसें अजून मागच्याच सुरांत आहेत. आपल्याला माहीत आहे, त्यांना नाहीं. तीं एकामागून एक गप्प होतात. सूर कसा बदलावा याचें हें उत्तम प्रात्यक्षिक आहे. लेखकानें स्वतः गंभीर व्हावयाचें नसतें. एकेका पात्राचें हसूं थांबूं द्यावयाचें असतें, आणि ज्याचें सर्वांत शेवटीं थांबतें त्याच्याकडे पाहून आपल्याला धक्का बसतो.

हीरो मूर्च्छित पडते. राजपुत्र, क्लॉडिओ आणि डॉन जॉन निघून जातात. बेनेडिक त्यांच्याच मेळ्यांतला. पण तो मागें राहतो. नंतर देवळांत तो आणि बीट्रिस दोघेंच उरतात. ती रडते आहे. एरवीं शब्दांनीं लढणारीं तीं दोघें जरा अडखळत, जरा जुन्या संवयीनें थट्टा करीत, परस्परांना प्रेमाची कबुली देतात. आनंदाच्या भरांत तो म्हणतो कीं, माझ्याकडून कांहींहि करून घे. आणि ती दोनच शब्दांत सांगते कीं, क्लॉडिओला, म्हणजे त्याच्या जिवलग मित्राला, ठार मार. या दोन शब्दांची नटनट्यांना मोठी धास्ती असते, कारण येथें प्रेक्षक कधीं कधीं हसतात. मला वाटतें, तें हसणें अगदींच चुकीचें नसतें. इतका वेळ या स्त्रीचें तोंड तिखट विनोदासाठींच उघडलें आहे. ती विनोद करीत नाहीं हें कळायला कानाला क्षणभर वेळ लागतो. मात्र तें हसूं ताबडतोब विझलें पाहिजे. बेनेडिक प्रथम नकार देतो. ती निघूं लागते. मग तो कबूल होतो. पुढें तो आव्हान देण्यास जातो तेव्हां क्लॉडिओ आणि राजपुत्र पूर्वींप्रमाणेंच त्याची चेष्टा करूं लागतात, त्याच्या विनोदानें आपली करमणूक व्हावी अशी अपेक्षा करतात. तो हसत नाहीं. सबंध नाटकांत जो सर्वांत जास्त हसला तोच एकटा हसत नाहीं, आणि बाकीच्यांची थट्टा आपल्याला असह्य होऊं लागते. गांभीर्य दाखविण्यासाठीं सर्वांना रडविण्याची गरज नसते. एका योग्य माणसाचें हसूं काढून घेतलें कीं पुरे होतें.

आपल्याकडील एक उदाहरण याला जोडून आठवतें. गोविंद बल्लाळ देवल यांचें 'शारदा' नाटक १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील भुजंगनाथ हा लग्नाला आसुसलेला म्हातारा प्रेक्षकांना खदखदा हसवितो. पुढें भुजंगनाथांत कांहींहि बदल होत नाहीं. बदलते ती आपली बसण्याची जागा. प्रथम आपण त्याच्या भोंवतालच्या लुच्च्यांच्या शेजारीं बसून त्याच्याकडे पाहतों, आणि मग ज्या पोरीला बापानें पैशांसाठीं त्याच्या गळ्यांत बांधावयाचें ठरविलें आहे, तिच्या शेजारीं जाऊन बसतों. तेंच वय, तेंच तरुण दिसण्याचें वेड; पण शारदेच्या जागेवरून तें भयानक दिसतें.

हें सारें मी मधूला समजावून सांगत होतों. माझी आत्या तेथेंच वाती वळीत बसली होती. तिनें शेक्सपिअर वाचलेला नाहीं. ती म्हणाली, "तुमचें तें साहेबाचें राहूं दे. मी आमच्या मामंजींची गोष्ट सांगतें."

तिचे सासरे कोंकणांत खोत होते. उतारवयांत त्यांचे कान गेले, पण तें कबूल करावयाला ते तयार नव्हते. कोणीं कांहीं म्हटलें कीं, मान डोलावून ते म्हणत, "बरोबर आहे, बरोबर आहे." एकदां भटजींनीं विचारलें, "श्राद्धाला पांच पानें सांगूं कीं पंचवीस ?" मामंजी म्हणाले, "बरोबर आहे." पंचवीस ब्राह्मण पंक्तीला येऊन बसले आणि आंत बायकांची त्रेधा उडाली. एकदां न्हाव्यानें विचारलें, "मिशा काढूं ?" चाळीस वर्षांच्या मिशा गेल्या. संध्याकाळीं आरशांत पाहून मामंजी म्हणाले, "मींच सांगितलें होतें." घरांतील सुनांना जत्रेला जावयाचें असलें कीं, त्या एखाद्या लहान मुलाला त्यांच्याकडे पाठवीत. मुलानें पुटपुटावें, मामंजींनीं "बरोबर आहे" म्हणावें, कीं परवानगी मिळाली ! आम्ही हसून हसून बेजार झालों. "गांवांत सर्वांना ठाऊक होतें," आत्या म्हणाली, "एक आमच्या वन्संना तेवढें ठाऊक नव्हतें. त्यांना सासरचीं माणसें सहा वर्षें माहेरीं पाठवीतच नव्हतीं." आणि ती लगेच मिशांच्या हकीकतीकडे वळली.

"मग एका वर्षीं वन्सं दोन रात्रींसाठीं आल्या," ती पुढें सांगूं लागली. "बरोबर त्यांचे दीर होते. दुसऱ्या दिवशीं रात्रीं दीर पडवींत निजले होते. मामंजी ओटीवर सुपारी कातरीत होते. वन्सं त्यांच्यापाशीं जाऊन बसल्या आणि हळूं आवाजांत बोलूं लागल्या. मी दाराआड होतें. सगळें कांहीं मला ऐकूं आलें नाहीं. शेवटचें तेवढें आलें. 'अण्णा, मला आतां परत पाठवूं नका.' मामंजी म्हणाले, 'बरोबर आहे, बरोबर आहे.'"

मधूची धाकटी बहीण संवयीनें हसली. आणि तिचें हसूं अर्ध्यावरच थांबलें.

"सकाळीं दारांत गाडी जुंपलेली होती," आत्या म्हणाली. "वन्संनीं एकदां मामंजींकडे पाहिलें. कांहीं बोलल्या नाहींत. ओटी भरून घेतली आणि गाडींत बसल्या. सुनेनें सासऱ्यांशीं बोलायची तेव्हां रीत नव्हती. आणि बोलायचें म्हटलें असतें तर ओरडूनच बोलावें लागलें असतें. वन्संचे दीर तेथेंच उभे होते."

"पुढें ?" मधूनें विचारलें.

"पुढें काय ? वन्सं पुन्हा आल्या नाहींत. मामंजी मरेपर्यंत सर्वांना सांगत कीं, मुलगी सुखांत होती, माझ्याजवळ एका अक्षरानें तक्रार केली नाहीं." एवढें बोलून तिनें वातींची जुडी बांधली.

त्या वेळीं घरांत जी शांतता झाली, ती मधूच्या गोष्टीनंतरच्या शांततेहून निराळी होती. मी आत्याच्या गोष्टीचा मागाहून पुष्कळ विचार केला. डॉगबेरीच्या प्रवेशांतील सर्व कांहीं तींत होतें. हसण्याचें आणि रडण्याचें कारण एकच : "बरोबर आहे" हे दोन शब्द. सहा वर्षांची सावली हसण्याच्या मध्यभागीं टाकलेली, आणि तींवरून लगेच पुढें गेलेली. जत्रेच्या परवानगीचा विनोद तर इतका बेतशीर कीं, म्हाताऱ्याच्या होकारांत कांहीं अर्थ नसतो हें आपल्याला हसतां हसतांच पाठ झालें. त्यामुळें वन्संना तो होकार मिळाला तेव्हां त्यांच्या मनांत आलेली आशा आणि तिचें खोटेपण आपल्याला एकाच क्षणीं दिसलें. शिवाय आत्याचा आवाज बदलला नाहीं. मिशा आणि गाडी यांसाठीं तिनें एकाच जातीचीं साधीं, आखूड वाक्यें वापरलीं. कच्चा लेखक येथेंच घसरतो. विनोदाच्या भागांत तो घरगुती बोलतो, आणि दुःख आलें कीं एकदम संस्कृत शब्दांची शाल पांघरतो. आभाळ भरून येतें, दिवा फडफडतो. भाषा बदलली कीं वाचकाला लेखकाचा हात दिसतो, आणि हात दिसला कीं पात्र दिसेनासें होतें.

चार-आठ दिवसांनीं मधूनें आपली गोष्ट पुन्हा लिहून आणली. विषमज्वर त्यानें ठेवला, पण मरण काढून टाकलें. बापूरावाला डॉक्टरांकडून औषध आणावयाला पाठविलें आहे. पाऊस मुसळधार पडतो आहे. घरीं मुलाच्या उशाशीं सगळे वाट पाहत आहेत. अखेर जिन्यांत पावलें वाजतात आणि बापूराव दारांत उभा राहतो. हातांत छत्री आहे. इतक्या वर्षांत त्यानें छत्री प्रथमच परत आणली आहे ! धाकटीं मुलें टाळ्या पिटतात, तोहि अभिमानानें छत्री मिटून कोपऱ्यांत ठेवतो. बायको हंसून औषधाच्या बाटलीसाठीं हात पुढें करते. गोष्ट त्या पुढें केलेल्या हातावर संपते. मुलगा वांचला कीं नाहीं हें त्यानें सांगितलेलें नाहीं, आणि आम्हांपैकीं कोणीं विचारलेंहि नाहीं. आतां पहिल्या भागांतील छत्री काढून टाकली तर शेवट उभाच राहत नाहीं. म्हणजे सांधा खरा झाला.

या पद्धतीला मर्यादाहि आहेत, त्या सांगावयास हव्यात. हसण्याचा विषय आणि दुःख भोगणारा हीं दोन्हीं एकच माणूस असेल, तर वळण फार अवघड जातें. वाचक ज्याला हसला त्याच्याच दुःखानें त्याला स्वतःच्या हसण्याची लाज वाटते, आणि लाजलेला वाचक गोष्टीपासून दूर सरकतो. डॉगबेरीचें खूळ भोंवतें हीरोला, मामंजींचें खूळ भोंवतें वन्संना. विनोदी माणसाला लेखकानें शिक्षा केलेली नाहीं, त्याला तसाच ठेवला आहे. आणि तो तसाच राहतो हेंच अधिक भयंकर आहे. दुसरें असें कीं, सूचना एकदांच द्यावी. आत्यानें सहा वर्षांचा उल्लेख तीनदां केला असता, तर मधूच्या बहिणीचें हसूं फुटलेंच नसतें, आणि जें फुटलें नाहीं तें थांबणार तरी कसें ?

वळणानंतर पुन्हा हसवावें कीं नाहीं, असा प्रश्न मधूनें मला विचारला होता. त्याचें उत्तर शेक्सपिअरनें देवळाच्या लगेच पुढील प्रवेशांत दिलें आहे. डॉगबेरी कैद्यांची जबानी घेण्यास बसतो आणि नेहमींप्रमाणें सगळा घोटाळा करतो. तेथील लेखनिक तेवढा एकटा शहाणा आहे. तो मुद्द्याचे प्रश्न काढतो आणि सांगतो कीं, डॉन जॉन पळाला आहे, आणि हीरोवर हाच आरोप झाला व त्या दुःखानें ती अचानक मरण पावली. खरें पाहतां ती जिवंत आहे. तिच्या मरणाची बातमी पुरोहिताच्या सल्ल्यानें मुद्दाम पसरविलेली आहे. लेखनिक हा कागद घेऊन लिओनाटोकडे जातो. मागें राहतो डॉगबेरी. एका कैद्यानें त्याला गाढव म्हटलेलें असतें, आणि आपण गाढव आहों हें कागदावर लिहून घ्यायचें राहिलें, म्हणून तो मनापासून हळहळतो. एक मुलगी मेली असें आत्तांच ऐकून झालें आहे, आणि या गृहस्थाला दुःख आहे तें आपल्या गाढवपणाची नोंद न झाल्याचें ! प्रेक्षक येथें हसतात, अगदीं मोठ्यानें हसतात. पण पहिल्या अंकांत जे हसले होते ते हे प्रेक्षक नव्हेत. न ऐकणाऱ्या माणसांमुळें काय होतें तें त्यांनीं मध्यंतरीं पाहिलेलें असतें.